घर क्रमांक

शाळेतल्या पस्तीस वर्षांत आम्हा शिक्षकांच्या गळ्यात जी बाहेरची कामं पडली, त्यातली दोन मला अजून बारकाव्यांसकट आठवतात. एक जनगणनेचं आणि दुसरं मतदार यादीचं. दोन्हींसाठी गल्ल्या त्याच, घरं तीच, ओट्यावर बसलेले आजोबाही तेच आणि "बाई, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही" म्हणणाऱ्या बायकाही त्याच. खांद्याला शबनमसुद्धा तीच. पण पिशवीतल्या कागदांचा स्वभाव मात्र एकदम उलटा.

जनगणनेच्या प्रशिक्षणात आम्हाला बजावून सांगितलेलं असायचं की घरात जे लिहून घ्याल ते बाहेर बोलायचं नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याचं कलम १५ असं आहे की त्या नोंदी बघायला मागण्याचा अधिकार कुणालाच नाही. दिवाणी दाव्यात पुरावा म्हणूनसुद्धा त्या चालत नाहीत. कुणाची मुलगी नवऱ्याकडून परत आलीये, कुणाच्या घरात पाहुणा म्हणून आलेला भाचा सहा वर्षं मुक्कामाला आहे, असलं सगळं मी १९८१, १९९१ आणि २००१ साली लिहून घेतलं. ते तिथेच मिटलं.

मतदार यादीचं नेमकं उलटं. तिच्यात नाव लिहायचं ते लोकांना दाखवण्यासाठीच. प्रारूप यादी शाळेच्या व्हरांड्यात लागली की गाव गोळा व्हायचं. बोट फिरवत एकेक जण सांगायचा, "अहो बाई, हा तर दोन वर्षांपूर्वी वारला," "ही लग्न होऊन कराडला गेली, हिचं नाव कसं अजून?" आणि तेच तर हवं असतं. बोगस नाव घुसलं असेल तर शेजाऱ्याला ते ओळखता यावं, त्याला फॉर्म ७ भरून हरकत घेता यावी, म्हणून ती यादी उघडी. आणि नुसत्या नावावरून शेजारी ओळखणार कसा? म्हणून नावासमोर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, आणि घर क्रमांक.

म्हणजे तोच पत्ता, लिहून घेणारी बाई तीच, पण एका कागदावर तो गुपित आणि दुसऱ्यावर जाहीर. त्या वेळी मला यात काही विशेष वाटलं नव्हतं. वाटायला लागलं ते अलीकडे. का, ते सांगते. (ज्या मुलीबद्दल लिहिते आहे तिला हे वाचून दाखवलं आहे. गावं आणि काही तपशील तिच्या सांगण्यावरून बदलले आहेत.)

माझी एक जुनी विद्यार्थिनी. मुलगी कसली, आता चाळिशीला आली, पण मला ती दुसऱ्या बाकावरचीच दिसते. सासरी मार खाऊन खाऊन शेवटी लेकाला घेऊन बाहेर पडली आणि दुसऱ्या जिल्ह्यात भाड्याने राहते. दर गुरुपौर्णिमेला तिचा फोन येतो, हे तिच्या सासरी माहीत होतं. त्यामुळे एका दुपारी तिचा दीर माझ्या दारात. अगदी अदबीनं बोलला. म्हातारी आई नातवासाठी झुरते, बसून मिटवू, फक्त पत्ता तेवढा द्या. मी म्हटलं, पत्ता मी कुणाचाच कुणाला देत नाही. तुमचा निरोप असेल तर तिला विचारीन की घेऊ का. तर उठताना म्हणाला, "बाई, तुम्ही नाही दिलात तरी आजकाल सगळं नेटवर असतं. सापडेलच."

हे वाक्य काही डोक्यातून जाईना. खरंच सापडेल का? कुठे? आणि सापडलं तर तो गुन्हा, की नुसतंच वाईट?

तिचं नाव टाकून शोधून बघणं मला बरोबर वाटलं नाही. म्हटलं, शोधायचं तर स्वतःला शोधू. शेजारचा ओंकार पुण्याहून सुट्टीवर आला होता. त्याला बसवलं संगणकावर आणि सांगितलं, "समज तुला फक्त माझं नाव माहीत आहे. माझं घर शोधून काढ."

सुरुवात अर्थात मतदार यादीपासून. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मतदाराला शोधता येतं, पण नुसतं नाव टाकून भागत नाही. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय किंवा जन्मतारीख, राज्य, जिल्हा, असं बरंच विचारतात. ते भरलं की कळतं ते मतदान केंद्र, यादीचा भाग क्रमांक आणि त्यातला अनुक्रमांक. मग त्या भागाची यादी वेगळी उतरवून घ्यायची. हजार-बाराशे नावांची. ती छायाचित्रांशिवाय असते आणि तिची पानंही अशी की त्यात नाव टाइप करून शोधता येत नाही, डोळ्यांनीच वाचत जायचं. हे मुद्दाम तसं आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे मागणी झाली होती की यादी शोधता येईल अशा स्वरूपात मिळावी. न्यायालयाने ती मान्य केली नाही.

आमची गल्ली सापडली. मी होते, आमचे हे वारले तरी अजून होते (त्याचा फॉर्म ७ मीच भरायला हवा), आणि माझ्या नावापुढे घर क्रमांक म्हणून नगरपालिकेच्या जमान्यातला एक आकडा होता, जो आज आमच्या पोस्टमनलाही ओळखू यायचा नाही. ओंकार म्हणाला, "आजी, म्हणजे तुम्ही सुरक्षित." मी म्हटलं, अरे थांब. आकडा चुकला म्हणून काय झालं? यादीत माझ्या वर देशपांडे आहेत, खाली तुम्ही आहात. गल्लीत येऊन कुणाचंही नाव घेतलं की माझं दार दाखवतील.

आणि खरी गोष्ट त्याच्याही आधीच लक्षात आली होती. त्या शोधाच्या चौकटीत जे जे विचारलं होतं, बापाचं नाव, नवऱ्याचं नाव, वय, जिल्हा, ते परक्या माणसाला ठाऊक नसतं. म्हणून परक्यासाठी ते कुलूप आहे. पण माझ्या विद्यार्थिनीला शोधणारा परका थोडाच आहे? तिच्या लग्नाच्या पत्रिकेपासून सगळं त्याच्या कपाटात आहे. तिने उद्या नवऱ्याऐवजी वडिलांचं नाव लावलं तरी तेही त्यांना पाठ. घरातल्यांपासून पळालेल्या माणसासाठी या कुलपाची किल्ली घरातच टांगलेली असते.

त्यानंतर आम्ही सातबारा काढला. माहेरच्या गावी वडिलांच्या जमिनीत आम्हा बहिणींची नावं लागली आहेत. भूलेखच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून गट क्रमांकाने किंवा नावानेही सातबारा बघता येतो. नुसता बघायला पैसे पडत नाहीत, डिजिटल सहीचा हवा असेल तर पंधरा रुपये. आला. त्यावर माझा राहता पत्ता आहे का? नाही. सातबाऱ्यावर खातेदाराचा पत्ता नसतोच. पण काय आहे बघा: आम्हा चौघी बहिणींची नावं सासरच्या आडनावांसकट, भावाचं नाव, क्षेत्र किती, आणि 'इतर हक्क' या रकान्यात भावाने सोसायटीचं घेतलेलं कर्ज. माझं घर सोडून माझं सगळं गणगोत त्या एका कागदावर. मला शोधणाऱ्याने माझ्या दारात यायचं कारणच नाही, तो माझ्या धाकट्या बहिणीच्या दारात जाईल.

जमिनीच्या नोंदीवरून घर सापडतं अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरीचशी फसवी आहे. सातबारा सांगतो मालकी, मतदार यादी सांगते वास्तव्य. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २० मध्ये तर स्पष्टच आहे की एखाद्याचं तिथे घर आहे एवढ्यावरून तो तिथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. गावोगाव अशी कितीतरी नावं सातबाऱ्यावर आहेत, ज्यांचा देह ठाण्याला, नाहीतर थेट मेलबर्नला.

मग ओंकारने दस्त नोंदणीचं पान उघडलं, आणि इथे मी चष्मा पुसून बसले. घर-फ्लॅटचा व्यवहार नोंदवला की त्याची एक 'सूची क्रमांक दोन' निघते, जिला सगळे इंडेक्स टू म्हणतात. तिच्यात लिहून देणाऱ्याचं आणि लिहून घेणाऱ्याचं नाव, वय, पत्ता, रक्कम, तारीख, सगळं असतं. आणि नोंदणी कशाची होते? नुसत्या खरेदीखताची नाही. महाराष्ट्रात भाड्याचा करार, म्हणजे लिव्ह अँड लायसन्स, नोंदवणंही १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे सक्तीचं आहे. घरमालकाने नोंदवला नाही तर त्याला शिक्षा आहे. म्हणजे अकरा महिन्यांसाठी दोन खोल्या घेणारी एकटी बाईसुद्धा त्या सूचीत जाते.

मला घाम फुटला. पण ओंकार माझं नाव कुठे टाकायचं ते शोधत राहिला आणि ती जागा काही सापडेना. जिल्हा विचारतात, गाव विचारतात, वर्ष विचारतात, मिळकतीचा क्रमांक विचारतात. माणसाचं नाव विचारत नाहीत. म्हणजे घर माहीत असेल तर त्यातला माणूस कळतो, पण माणूस माहीत असेल तर घर कळत नाही. वही एकाच दिशेने उघडते.

हे काही अपघाताने झालेलं नाही. मी १९०८ चा नोंदणी कायदा वाचून काढला. (इतक्या वर्षांनी कलमं वाचताना बी.ए.च्या परीक्षेची आठवण झाली, आणि तेव्हासारखीच झोपही आली.) त्यात सूची मुळात दोन प्रकारच्या: एक माणसांच्या नावांची, एक मिळकतींची. आणि कलम ५७ मध्ये कुठली वही कुणाला दाखवायची ते वहीवार सांगितलंय. स्थावर मिळकतीच्या दस्तांचं पुस्तक क्रमांक एक, फी भरून कुणीही बघावं. का, तर उद्या मी घर घेणार असेन तर ते आधीच कुणाला विकलंय का, गहाण आहे का, हे मला कळलंच पाहिजे. मृत्युपत्रांचं पुस्तक तीन, करणारा जिवंत असेपर्यंत नक्कल फक्त त्याला किंवा त्याने नेमलेल्याला. तो गेल्यावर मागेल त्याला. आणि पुस्तक चार, ज्यात मिळकतीशी संबंध नसलेले इतर दस्त असतात, त्याची नक्कल फक्त त्या दस्तातल्या माणसांना. म्हणजे इंग्रज अमदानीत, कागद आणि शाईच्या काळात, कुणीतरी बसून विचार केला होता की सार्वजनिक कचेरीत आहे म्हणजे सगळं सगळ्यांचं असं नव्हे. प्रत्येक वही एका प्रश्नासाठी उघडी आहे. जमिनीबद्दल प्रश्न असेल तर या. माणसाबद्दल असेल तर तुम्ही त्याचे कोण, ते आधी सांगा.

मला वाटतं सगळी गोम इथे आहे. 'माहिती उघडीच आहे, मग मी बघितली तर काय बिघडलं' असं म्हणणारा हे विसरतो की ती कशाकरता उघडी आहे. मतदार यादी मी बोगस नाव हुडकायला उघडते, इंडेक्स टू घर घ्यायचं म्हणून उघडते, सातबारा जमिनीसाठी. त्यातून एखादी व्यक्ती उचलायची आणि तिचा माग काढायचा, हे त्या वहीला उलटं धरून वाचणं झालं. पूर्वी उलटं वाचायला कष्ट होते. चार कचेऱ्या, चार कारकून, चार दिवस. त्या कष्टांमुळेच बरेच जण वाचत होते. आता काही खाजगी कंपन्यांनी हेच नोंदणीचे दस्त गोळा करून ते माणसाच्या नावाने शोधता येतील अशी सोय करून विकायला काढली आहे. धंदा घर घेणाऱ्यांसाठी, हे मान्य. पण सरकारने जी दिशा बंद ठेवली होती ती तिथे उघडते, आणि विचारणारा कोण हे कुणी बघत नाही.

कायदा याला अडवतो का? थोडासा. ओंकारचा समज होता की डेटा संरक्षणाचा कायदा आला, आता सगळं बंद. तो कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे अठरा महिने दिले आहेत. पण कलम तीन वाचलं तर दोन गोष्टी त्याच्या बाहेरच आहेत. एक, एखाद्याने स्वतःच्या वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी वापरलेली माहिती. दोन, जी माहिती कायद्यानेच जाहीर करावी लागते ती. आता मतदार यादी कायद्यानेच जाहीर करतात, आणि दीर तर म्हणणारच की माझं कारण घरगुती आहे! त्याच्या बाबतीत हा कायदा दोन्ही बाजूंनी मोकळा.

माहितीच्या अधिकाराचं वेगळं. माझी विद्यार्थिनी सरकारी नोकरीत आहे, म्हणून हेही बघितलं. १४ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याचं कलम ८(१)(ञ) बदललं आहे. वैयक्तिक माहिती देण्यातून सूट आता सरसकट आहे, सार्वजनिक हित मोठं असेल तर कलम ८(२) खाली देता येते, तेवढीच वाट. या बदलाने भ्रष्ट अधिकाऱ्यांना पांघरूण मिळेल असं माहिती अधिकाराचं काम करणारे म्हणतात आणि मला ते पटतं. पण तिच्या घराचा पत्ता तर बदलाआधीही कुणी देता कामा नये असाच होता. पंचाईत निराळीच आहे. त्याच कायद्याचं कलम ४ प्रत्येक कार्यालयाला आपल्या कर्मचाऱ्यांची यादी आपणहून जाहीर करायला सांगतं. ते योग्यच आहे, पगार आपण देतो. पण मग घराचा पत्ता झाकून उपयोग काय? कचेरी कळली की संध्याकाळी फाटकापाशी उभं राहायचं आणि मागोमाग जायचं.

आणि तिथे मात्र कायदा जागा होतो. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८, पूर्वीचं ३५४-ड. स्त्रीने नको म्हणून स्पष्ट दाखवल्यावरही पुरुषाने तिचा पाठलाग करून पुन्हा पुन्हा संपर्क साधणं किंवा तसा प्रयत्न करणं, हा गुन्हा. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद, पुन्हा केलं तर पाच. नीट वाचा: नुसता पत्ता शोधणं त्यात नाही. शोधून दारात जाणं, ती नको म्हणाल्यावर परत जाणं, हे त्यात आहे. म्हणजे कायद्याची रेषा तिच्या उंबऱ्याजवळ आहे, आणि ती ओलांडली जाईपर्यंत तिची झोप उडालेली असते.

तिच्या बाबतीत रेषा थोडी अलीकडे होती, हे मला दीर येऊन गेल्यावर कळलं. मी तिला फोन करून विचारलं, निरोप आणू का? ती म्हणाली, "बाई, नको. कोर्टाचा आदेश आहे." कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात कलम १८ खाली न्यायदंडाधिकारी संरक्षण आदेश देतात. त्यात नवऱ्याने तोंडी, लेखी, फोनवर, इलेक्ट्रॉनिक, कुठल्याही मार्गाने तिच्याशी संपर्क साधायचा नाही, असा मनाई हुकूम असतो. मोडला तर कलम ३१ प्रमाणे वर्षापर्यंत कैद. आणि नवऱ्याच्या वतीने दुसऱ्याने ते काम करणं म्हणजे त्याला मदत करणंच. तिच्या वकीलबाईंनी दीर माझ्याकडे आल्याची तारीख-वेळ मागून घेतली आणि संरक्षण अधिकाऱ्याकडे कळवली. कोर्टाचे कागद द्यायचे असतील तर ते वकिलाकडे द्या, तो पत्ता उघडा आहे, असा निरोपही त्यांनीच पाठवला. म्हणजे नवऱ्याला कायद्यासाठी जेवढा पत्ता लागतो तेवढा त्याच्याकडे होताच. त्याला हवा होता तो दुसरा.

इतकं सगळं बघून झाल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, जी खरं तर पहिल्याच दिवशी यायला हवी. सगळं नेटवर असतं म्हणणारा माणूस एस.टी. बदलून माझ्या दारात का आला होता? नोंदी उघड्या होत्या म्हणून नव्हे, त्या पुरेनात म्हणून. कागदाने त्याला फार तर जिल्हा दिला असता, बहिणीचं घर दिलं असतं, कचेरीचं नाव दिलं असतं. शेवटची गल्ली आणि जिना माणसांच्या तोंडून निघतो. वॉचमन, किराणावाला, शाळेचा शिपाई, जुन्या बाई. कुरियरवाला म्हणून फोन केला की आपण घर नंबर, मजला, जवळची खूण, सगळं धडाधड सांगतो. घरमालक भाडेकरूचं नाव दाराच्या पाटीवर लावतो. आणि आपल्या लोकांना तर पत्ता सांगण्यात पुण्य वाटतं, नुसता सांगून भागत नाही, सोबत चालत जाऊन दाखवतात.

मग कुणाला शोधायचंच नाही का? असं मी म्हणत नाही, मी स्वतःच शोधलंय. कॉलेजातली एक मैत्रीण चाळीस वर्षं संपर्कात नव्हती. तिच्या गावचा सातबारा बघून तिच्या भावाचं नाव मिळालं, गावात फोन करून तो सापडला. त्याच्याकडे मी तिचा पत्ता मागितला नाही, माझा दिला. "तिला सांगा, वाटलं तर फोन कर." आठ दिवसांनी फोन आला आणि पुढचा दीड तास आम्ही दोघींनी एकमेकींना बोलू दिलं नाही. तिने फोन केला नसता तर वाईट वाटलं असतं, पण विषय तिथे संपला असता. दीराला मी नेमकं हेच देऊ केलं होतं, आणि नेमकं तेच त्याला नको होतं. उत्तर द्यायचं की नाही हे तिच्या हातात राहू नये, यासाठीच तर पत्ता लागतो.

आता मतदार यादीचं राहिलं. तिचं नाव अजून सासरच्या गावच्या यादीत आहे. राहण्याची जागा बदलली की फॉर्म ८ भरायचा असतो. तो भरला की नव्या गावच्या यादीत तिचं नाव, वय आणि घर क्रमांक छापला जाणार. इंग्लंडात अशा बायकांसाठी नाव न छापता नोंद करण्याची सोय आहे. कोर्टाचा आदेश किंवा पोलीस अधिकाऱ्याचा दाखला द्यायचा, यादीत नाव-पत्त्याऐवजी फक्त क्रमांक आणि 'एन' हे अक्षर येतं. २०१८ पासून डॉक्टर, नर्स आणि निवारागृहाच्या प्रमुखांचाही दाखला चालतो. आपल्याकडे अशी सोय नाही. हिंसाचार कायद्याच्या नियमांत निवारागृहाने, बाईने सांगितलं तर, ती तिथे आहे हे सांगायचं नाही असं लिहिलंय. पण निवारागृहातून बाहेर पडून स्वतःच्या पगारावर भाड्याने राहायला लागली की ते पांघरूण गेलं.

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला तिने मत दिलं नाही. मी निवडणुकीची कामं केलेली बाई, मला ते लागलं आणि मी तिला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "बाई, मत द्यायला त्या गावात जाऊ, की माझं गाव त्यांना कळवू?" फॉर्म ८ तिने भरून ठेवलाय. मुलाची दहावी होईपर्यंत पाठवणार नाही म्हणते.